इंग्लंडमधील शाळा निवडताना ‘प्रोग्रेस ८’च्या आकड्यावर किती विसंबावे?

थेम्सकाठ

नमस्कार. आमची मुलगी सध्या इयर ६मध्ये आहे आणि माध्यमिक शाळेच्या प्रवेशाचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा आहे. घरापासून चालत जाता येतील अशा दोन सरकारी शाळा आहेत आणि त्यांतली कोणती पहिल्या क्रमांकावर लिहायची यावर आमच्या घरात तीन आठवडे चर्चा चालू आहे. शासनाच्या संकेतस्थळावर २०२४च्या जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेच्या, निकालांचे आकडे पाहिले. पहिल्या शाळेचा अटेनमेंट ८, म्हणजे मुलांनी प्रत्यक्ष मिळवलेल्या गुणांची सरासरी, ५६ आहे आणि दुसरीचा ४५ आहे. प्रोग्रेस ८ मात्र पहिलीचा +०.१२ आणि दुसरीचा +०.४१ आहे. माझ्या समजुतीप्रमाणे प्रोग्रेस ८चा आकडा असे सांगतो की, अकराव्या वर्षी सॅट्स या देशभरातल्या परीक्षेत मिळालेल्या गुणांवरून या मुलांकडून जेवढी अपेक्षा होती, त्यापेक्षा ती किती पुढे गेली.

दोन्ही शाळांच्या ओपन ईव्हनिंगला आम्ही जाऊन आलो. पहिल्या शाळेच्या दारातच ९ ही सर्वांत वरची ग्रेड मिळवणाऱ्यांच्या टक्केवारीचा मोठा फलक होता. दुसऱ्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेने एकाच मुलाच्या पाच वर्षांच्या वह्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. इयर ७च्या वहीत अपूर्णांकांची बेरीज तीनदा खोडून पुन्हा केलेली होती आणि इयर ११च्या वहीत तोच मुलगा वर्गसमीकरणे सोडवत होता. त्या वह्यांनी माझे मन दुसऱ्या शाळेकडे ओढले आहे, पण एका मुलाच्या वहीवरून निर्णय घेऊ नये एवढे कळते.

म्हणून प्रश्न असा आहे की अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकालांतला हा फरक शाळेचे कर्तृत्व म्हणून कितपत धरता येतो?

सुहास_रेडिंग

यात शंका घेण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. साधे गणित करून पाहा. प्रोग्रेस ८चा आकडा दहाने गुणून अटेनमेंट ८मधून वजा केला की अपेक्षा किती होती ते कळते. पहिल्या शाळेकडून सुमारे ५४.८ची अपेक्षा होती आणि तिने ५६ दिले. दुसरीकडून ४०.९ची अपेक्षा होती आणि तिने ४५ दिले. पहिल्या शाळेत मुळात हुशार मुले येतात, त्यामुळे तिचा निकाल मोठा दिसतो. दुसऱ्या शाळेने मुलांना खरोखर वर उचलले आहे. जे शाळेने केले तेच मोजायचे असेल तर दुसरी शाळा सरळ सरळ चांगली आहे.

नीलाक्षी

क्षमा करा, पण मला या अपेक्षित ग्रेडच्या पद्धतीचाच राग आहे. माझ्या मुलाला इयर ७मध्ये पाऊल ठेवताच शाळेने प्रत्येक विषयासमोर अपेक्षित ग्रेड ५ लिहून दिली. अकरा वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षी काय मिळेल हे शाळेला कसे कळणार? त्याने विज्ञानात मेहनत केली तरी प्रगतिपुस्तकावर ‘अपेक्षेनुसार’ एवढेच लिहून येते, कारण पाचाची अपेक्षा होती आणि तो पाचावर आहे. अशा भाकितावरून शाळांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

संख्यारसिक

नीलाक्षीताई, तुमची तक्रार रास्त आहे, पण ती वेगळ्या गोष्टीविषयी आहे. मी बारा वर्षे एका स्थानिक शिक्षण खात्यात शाळांच्या निकालांची आकडेमोड केली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या मुलाच्या कागदावरची ग्रेड हे शाळेने ठरवलेले उद्दिष्ट आहे. मागच्या वर्षांच्या मुलांच्या निकालांवरून ते काढतात आणि प्रत्येक शाळा ते आपापल्या रीतीने काढते. प्रोग्रेस ८मधली अपेक्षा कोणीही आधी लिहून ठेवत नाही. ती निकाल लागल्यानंतरच तयार होते.

एक मुलगी घ्या. तिला इयर ६मध्ये सॅट्सच्या वाचनात १०६ आणि गणितात ११० मिळाले. दोन्हींची सरासरी १०८ झाली. ती ज्या वर्षी जीसीएसई देते, त्याच वर्षी देशभरात जवळपास १०८च्याच सरासरीने आलेली जी हजारो मुले परीक्षा देतात, त्यांचा एक गट केला जातो. सॅट्सच्या गुणांप्रमाणे असे ३४ गट केलेले आहेत. समजा तिच्या गटाचा सरासरी अटेनमेंट ८ यंदा ५३ आला आणि तिने ५८ मिळवले, तर ती आपल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा पाच गुणांनी पुढे आहे. गुण आठ विषयांचे असले तरी इंग्रजी आणि गणित दुप्पट धरले जातात, म्हणून एकूण जागा दहा होतात. पाचाला दहाने भागले की तिचा आकडा +०.५ येतो. म्हणजे प्रत्येक विषयात सरासरी अर्धी ग्रेड अधिक. शाळेतल्या सगळ्या मुलांच्या अशा आकड्यांची सरासरी म्हणजे शाळेचा प्रोग्रेस ८.

म्हणून ‘अपेक्षा’ या शब्दाचा अर्थ येथे एवढाच आहे की, तेवढ्याच गुणांनी सुरुवात करणारी इतर मुले यंदा कुठे पोहोचली. मुलाची कुवत किती याबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही.

नीलाक्षी

उलगडा झाला, आभारी आहे. मग एक शंका आहे. सगळ्याच शाळांनी एका वर्षी चांगले शिकवले तर सरासरीच वर सरकेल आणि प्रत्येक शाळेचा आकडा होता तेवढाच राहील, असे होईल ना?

संख्यारसिक

अगदी बरोबर. देशाची सरासरी शून्याच्या आसपासच राहते, कारण मोजपट्टीच तिच्यावर उभी आहे. एका शाळेचा आकडा +०.१वरून +०.३वर गेला तर ती सुधारली असेल, किंवा इतर शाळा मागे पडल्या असतील. केवळ हा आकडा पाहून या दोहोंत फरक करता येत नाही.

अनिकेत_लीड्स

संकेतस्थळावर आकड्याच्या शेजारी अनिश्चिततेची पट्टी दिलेली असते, तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. थेम्सकाठ, तुम्ही त्या दोन शाळांच्या पट्ट्या सांगाल का? मुलांची संख्या कमी असेल तर पट्टी रुंद होते आणि दोन पट्ट्या एकमेकींत शिरत असतील तर दोन्ही शाळा सारख्याच समजायच्या, असे मी शिकलो आहे.

थेम्सकाठ

पहिल्या शाळेत त्या वर्षी १८० मुले होती आणि पट्टी उणे ०.०६ ते +०.३० अशी आहे. दुसरीत १५० मुले होती आणि पट्टी +०.२१ ते +०.६१ अशी आहे.

अनिकेत_लीड्स

म्हणजे +०.२१ ते +०.३० हा भाग दोन्हींत आहे. तेव्हा या दोन शाळांत फरक आहे असे म्हणताच येणार नाही. सुहास यांचा निष्कर्ष येथेच संपतो.

संख्यारसिक

अनिकेत, पट्टीकडे लक्ष वेधलेत हे फार चांगले केलेत, पण पुढचा नियम थोडा चुकला आहे. पट्ट्या एकमेकींत शिरल्या तरी फरक खरा असू शकतो, कारण दोन्ही शाळा एकाच वेळी आपापल्या पट्टीच्या विरुद्ध टोकांना असण्याचा संभव कमी असतो.

पहिल्या शाळेची पट्टी सुमारे ०.१८ने दोन्ही बाजूंना जाते आणि दुसरीची ०.२०ने. फरकाची पट्टी काढताना या दोन संख्यांची बेरीज करत नाहीत. त्यांचे वर्ग करायचे, ते वर्ग मिळवायचे आणि मग वर्गमूळ घ्यायचे. उत्तर सुमारे ०.२७ येते. प्रत्यक्ष फरक ०.२९ आहे, म्हणजे कुंपणाच्या जेमतेम पलीकडे. सुहास म्हणतात तसे ‘सरळ सरळ’ नाही आणि तुम्ही म्हणता तसे ‘फरकच नाही’ असेही नाही. त्या एका वर्षी दुसऱ्या शाळेतली मुले अधिक पुढे गेली असावीत, असे बेताने म्हणता येईल. ती का गेली, हा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे.

मास्तरीणबाई

मी बर्मिंगहॅममध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आकडा कशाने हलतो ते आम्ही आतून पाहतो, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मोजक्या मुलांचा प्रभाव. काही वर्षांपूर्वी आमच्या इयर ११मध्ये चार मुले अशी होती की जी परीक्षेला बसूच शकली नाहीत. एक मुलगी दीर्घ आजारी होती, दुसरीने घराबाहेर पडणेच सोडले होते आणि दोघे भाऊ कौटुंबिक कारणाने वर्षाच्या मधे निघून गेले, पण पटावर राहिले. ५३ची अपेक्षा असलेल्या मुलाला शून्य मिळाले की त्याचा आकडा उणे ५.३ होतो. दीडशे मुलांच्या शाळेत असे चौघे असले की शाळेची सरासरी सुमारे ०.१४ने खाली येते, म्हणजे या धाग्यावर ज्या फरकाची चर्चा चालली आहे त्याच्या जवळपास निम्मी. २०१८पासून एका मुलाचा आकडा किती खाली धरायचा यावर मर्यादा घातली गेली आहे. त्यामुळे त्रास कमी झाला, पण संपलेला नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला दुःख होते. इयर ११च्या जानेवारीत जी मुले शाळेच्या पटावर असतात तीच त्या शाळेच्या आकड्यात धरली जातात. त्याआधी एखाद्या अडचणीच्या मुलाच्या पालकांना ‘याला घरीच शिकवलेत तर बरे’ असे गोड शब्दांत सुचवले गेले, तर ते मूल आकड्यातून नाहीसे होते. सगळ्याच शाळा असे करत नाहीत, पण जिथे होते तिथे प्रोग्रेस ८ वर जातो आणि एका मुलाचे शिक्षण मात्र तुटते. म्हणून शाळा पाहायला गेलात तर इयर ७मध्ये किती मुले होती आणि त्याच तुकडीच्या इयर ११मध्ये किती उरली, हे जरूर विचारा.

सुहास_रेडिंग

मास्तरीणबाई, हे मला ठाऊक नव्हते. पण आकडा फुगवण्याचे असे मार्ग असतील तर शासन ते बंद का करत नाही?

मास्तरीणबाई

काही बंद झाले आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ईसीडीएल नावाचे संगणक कौशल्याचे प्रमाणपत्र आठ विषयांतल्या खुल्या जागेत धरले जाई. काही शाळा थोड्या दिवसांत त्याची तयारी करून घेत आणि मुलांना त्यात इतर विषयांपेक्षा सहज चांगली ग्रेड मिळे. ते प्रमाणपत्र पुढे यादीतून काढले गेले. पण प्रत्येक विषयात चांगली ग्रेड मिळणे सारखेच अवघड नसते, त्यामुळे कोणत्या मुलाला कोणता विषय घ्यायला लावायचा याचा विचार आकडा समोर ठेवून होतोच. आमच्याकडेही अशा बैठका मी पाहिल्या आहेत.

वैशाली_लेस्टर

मला आमचा अनुभव येथे मांडावासा वाटतो. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा मुलगा इयर ५च्या शेवटाला होता. मराठी माध्यमात शिकलेला. इयर ६च्या सॅट्समध्ये त्याला गणितात ११२ मिळाले आणि वाचनात ९८. उताऱ्यातला विनोद कळायलाच त्याला वेळ लागे. एकदा ‘लाँड्री’ या शब्दापाशी अडून त्याने पुढचे तीन प्रश्न सोडून दिले होते. पाच वर्षांनी त्याला इंग्रजीच्या दोन्ही पेपरांत ८ आणि गणितात ९ मिळाले.

वर सांगितलेल्या रीतीने पाहिले तर त्याची सरासरी १०५ धरली गेली असणार आणि शाळेच्या आकड्यात त्याने चांगलीच भर घातली असणार. आता हे श्रेय शाळेचे की तो दोन वर्षांत इंग्रजी शिकणारच होता म्हणून आपोआप मिळालेले, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

संख्यारसिक

वैशालीताई, तुमच्या मुलाचे उदाहरण या विषयाच्या गाभ्याला हात घालणारे आहे. घरी दुसरी भाषा बोलणारी मुले देशभरात सरासरीपेक्षा जास्त प्रगती दाखवतात आणि त्याचे एक मोठे कारण हेच आहे. अकराव्या वर्षीची परीक्षा त्यांची बुद्धी जेवढी मोजते तेवढीच त्यांची त्या दिवसापर्यंतची इंग्रजीही मोजते. सुरुवातीचा आकडा कमी पडला की अपेक्षा खाली येते आणि पुढचा निकाल मोठी झेप घेतल्यासारखा दिसतो. अशी मुले ज्या शाळेत जास्त, तिचा प्रोग्रेस ८ त्या प्रमाणात वर जातो.

वैशाली_लेस्टर

तुमचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. इयर ७मध्ये आठवड्यातून चार दिवस एक शिक्षिका त्याला आणि आणखी दोघांना वेगळे बसवून शिकवत असे. ती त्यांच्याकडून वर्तमानपत्रातली एकच बातमी तीनदा वाचून घेई आणि तिसऱ्यांदा वाचताना ती बातमी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावी. दुसऱ्या शाळेत गेलेल्या माझ्या मैत्रिणीच्या मुलीला असे काहीच मिळाले नाही आणि ती आजही लिहिताना अडखळते. ‘होणारच होते’ असे म्हटले की त्या शिक्षिकेचे काम हिशेबातून पुसले जाते.

संख्यारसिक

हे मान्य आहे. तुमच्या मुलाच्या झेपेत भाषेचा भाग किती आणि त्या शिक्षिकेचा किती, हे एका आकड्यातून वेगळे काढण्याची रीत माझ्याकडे नाही.

अभिजित_के

मग घरची भाषा, गरिबी, मुलगा की मुलगी हे सगळे हिशेबात का धरत नाहीत? तसे धरले की प्रश्न सुटतो.

संख्यारसिक

एकेकाळी धरत असत. २००६ ते २०१० या काळात इंग्लंडच्या निकालपत्रकांत असाच एक आकडा छापला जात होता. त्याचा मध्य १००० होता. मुलाला मोफत जेवण मिळते का, त्याची पहिली भाषा कोणती, त्याचा वंश, त्याला विशेष साहाय्य लागते का, तो वर्षाच्या मधे शाळा बदलून आला का, तो राहतो ती वस्ती किती गरीब आहे, असे बरेच काही त्यात धरलेले असे. २०१०मध्ये आलेल्या सरकारने तो मागे घेतला. गरीब किंवा विशिष्ट समाजातल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ब्रिस्टल विद्यापीठातले जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी २०१६च्या निकालांवर प्रोग्रेस ८ला पार्श्वभूमीची जोड देऊन पाहिले. तेव्हा दर पाच शाळांमागे एक शाळा देशाच्या क्रमवारीत पाचशेहून अधिक स्थाने वर किंवा खाली सरकली. म्हणजे आज आपण ज्याला शाळेचे कर्तृत्व म्हणतो त्यात घरचा वाटा बराच मिसळलेला आहे.

अभिजित_के

हे वाचून माझे मत डळमळले आहे, कारण मी स्वतः मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलो. ‘या वस्तीतली मुले एवढीच शिकणार’ असे कोणी आकड्यात बसवून ठेवले असते, तर मला कोणी पुढे ढकलले असते का? सरकारचा तो आक्षेप मला पोकळ वाटत नाही.

मास्तरीणबाई

अभिजित, मुलासाठी उद्दिष्ट ठरवताना तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण शाळेचा हिशेब करताना गरिबी धरली नाही, तर गरीब वस्तीतल्या शाळेत चांगले शिकवणाऱ्या शिक्षकांना दरवर्षी नापास ठरवले जाते आणि ते ती शाळा सोडून जातात. मी स्वतः अशा शाळेतून चार चांगले सहकारी जाताना पाहिले आहेत. नुकसान शेवटी त्याच मुलांचे होते.

अभिजित_के

दोन्ही बाजूंनी मुलांचेच नुकसान होते, हे दिसते आहे. मला यातून वाट सापडलेली नाही.

कोकणी_माणूस

आमच्याकडे केंटमध्ये ग्रामर स्कूल आहेत आणि त्यांचा प्रोग्रेस ८ जवळजवळ नेहमीच चांगला असतो. मुले निवडून घेतलेली असतात हे खरे, पण सुरुवातीचे गुण हिशेबात आधीच धरलेले असल्याने तो फायदा वजा झालेलाच आहे. तेव्हा ग्रामर स्कूलमध्ये शिकवतातच चांगले, असे मानायला हरकत नसावी.

संख्यारसिक

बहुतेक लोक येथेच फसतात. सॅट्सचे गुण म्हणजे मुलाची खरी तयारी नव्हे, ते तिचे एका आठवड्यातले अंदाजी माप आहे. कोणाला उतारा ओळखीचा निघतो, कोणी तापात पेपर देतो.

आता दोन मुले घ्या, दोघांनाही सॅट्समध्ये ११२. त्यांतला एक इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन ग्रामर स्कूलमध्ये गेला आणि दुसरा अनुत्तीर्ण होऊन शेजारच्या शाळेत. इलेव्हन प्लस हे त्याच तयारीचे दुसरे, स्वतंत्र माप आहे. पहिल्याच्या बाबतीत दोन्ही मापे म्हणतात की तो हुशार आहे. दुसऱ्याच्या बाबतीत एक माप तसे म्हणते आणि दुसरे नाही म्हणते, तेव्हा त्याचे ११२ थोडे नशिबाचे असण्याचा संभव अधिक. प्रोग्रेस ८ला मात्र हे दुसरे माप दिसत नाही, म्हणून तो दोघांकडून एकच अपेक्षा धरतो. पाच वर्षांनी पहिला पुढे निघतो आणि श्रेय ग्रामर स्कूलला जाते. शेजारच्या शाळेने काहीही वाईट केलेले नसताना तिचा आकडा खाली येतो. शिवाय इलेव्हन प्लसची तयारी करून घेणारे घर पुढची पाच वर्षेही मुलाच्या मागे उभे असतेच.

ग्रामर स्कूलमध्ये चांगले शिकवतही असतील. पण या आकड्यातला किती भाग शिकवण्याचा आणि किती निवडीचा, हे त्यातून दिसत नाही.

प्राध्यापक_पुणे

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे प्रत्येक महाविद्यालय बारावीच्या निकालाची टक्केवारी फलकावर लावते आणि अकरावीच्या प्रवेशाचा कटऑफ किती उंच होता हे कोणी बोलत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी असा प्रयोग केला. आमच्या विज्ञान शाखेच्या २३० मुलांचे दहावीचे गुण आणि बारावीचे गुण शेजारी ठेवले, संगणकावर त्यांमधून एक रेषा काढली आणि प्रत्येक मूल रेषेच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहिले. सगळ्यांची सरासरी बरोबर शून्य आली. आमचे महाविद्यालय मुलांत काहीच भर घालत नाही, असा निष्कर्ष काढून मी बराच निराश झालो होतो. या धाग्यावरची चर्चा वाचून वाटते आहे की माझी काहीतरी चूक झाली असावी.

संख्यारसिक

सर, तुमचे महाविद्यालय कसेही असते तरी उत्तर शून्यच आले असते. रेषा तुमच्याच मुलांमधून काढली की ती त्यांच्या मधोमध जाते, आणि वर-खालीची बेरीज शून्य होणे हा त्या रेषेचा गुणधर्मच आहे. अपेक्षा बाहेरून यावी लागते, म्हणजे तेवढ्याच दहावीच्या गुणांनी इतर महाविद्यालयांत गेलेल्या मुलांच्या निकालांवरून. शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी आपापल्या याद्या एकत्र केल्या तरी त्या चौघांत तुम्ही कुठे आहात हे कळेल, राज्यात कुठे आहात हे कळणार नाही. तुमच्या जुन्या आकड्यांतून मात्र एक उपयोग अजून होईल. एकाच महाविद्यालयातल्या तुकड्यांची किंवा विषयांची आपसांत तुलना करता येईल.

प्राध्यापक_पुणे

डोळे उघडले. दोन वर्षे उगाच ओझे वाहिले म्हणायचे.

याद्या एकत्र करण्यातही एक अडचण दिसते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले दहावीला ९० ते ९६ टक्क्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात असतात. त्यातच कला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण काहींना मिळालेले असतात. ९२ आणि ९४ यांत तयारीचा फरक आहे की नाही हे वर्गात शिकवताना मला कधी जाणवलेले नाही. त्याच मुलांचे बारावीचे भौतिकशास्त्राचे गुण मात्र पन्नाशीपासून नव्वदीपर्यंत पसरतात. शिवाय निम्मी मुले नीट किंवा जेईईच्या क्लासला जातात आणि बारावीच्या लेखी परीक्षेकडे मुद्दाम कमी लक्ष देतात.

संख्यारसिक

सुरुवातीचे माप वरच्या टोकाला असे दाटले की ते मुलांना वेगळे करू शकत नाही आणि मग अपेक्षा सगळ्यांकडून जवळजवळ एकच निघते. अशा वेळी ‘भर’ म्हणून जे दिसते ते बव्हंशी बारावीच्या निकालाचेच दुसरे रूप असते. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही चारही महाविद्यालयांनी मिळून एक समान, जरा कठीण चाचणी घेतलीत तर हातात बरे माप येईल. क्लासचा प्रश्न त्याने सुटणार नाही, कारण क्लासने शिकवलेलेही तुमच्याच खात्यावर जमा होईल.

प्राध्यापक_पुणे

चाचणीची कल्पना प्राचार्यांपुढे मांडतो. इतर महाविद्यालये तयार होतील का याची मात्र मला खात्री नाही, कारण खाली येणाऱ्याला त्यात स्वारस्य असणार नाही.

थेम्सकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण वाचता वाचता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. २०२४ला जीसीएसई देणारी मुले २०१९ला इयर ७मध्ये आली होती. त्यांचे पहिले वर्ष कोविडच्या टाळेबंदीत संपले. माझी मुलगी २०२६ला जाईल आणि २०३१ला परीक्षा देईल. मी सात वर्षे जुन्या तुकडीच्या प्रवासावरून तिचा प्रवास ठरवते आहे.

संख्यारसिक

अगदी नेमके पकडलेत. लेकी आणि गोल्डस्टीन यांनी २००९मध्येच हा मुद्दा मांडला होता. शासनाला गेल्या पाच वर्षांचा जाब विचारायचा असतो, पालकाला पुढची सात वर्षे जाणून घ्यायची असतात. एवढ्या काळात मुख्याध्यापक बदलतात, निम्मे शिक्षक बदलतात. ही अनिश्चितता जमेस धरली तर आज वेगळ्या दिसणाऱ्या बहुतेक शाळा भविष्याच्या दृष्टीने एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे त्यांना आढळले.

शिवाय ताजा आकडाही मिळणार नाही. २०२० आणि २०२१मध्ये सॅट्स झाल्याच नाहीत, त्यामुळे त्या मुलांच्या २०२५ आणि २०२६च्या जीसीएसईसाठी सुरुवातीचे गुणच उपलब्ध नाहीत आणि प्रोग्रेस ८ काढता येत नाही. तुमच्या हातातला २०२४चा आकडा काही काळ शेवटचाच राहणार आहे.

त्यातल्या त्यात दोन गोष्टी करा. एका वर्षाऐवजी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षे शेजारी ठेवून पाहा, २०२२कडे मात्र जरा सावधपणे. आणि शाळेची एकूण सरासरी पाहण्यापेक्षा तुमच्या मुलीसारख्या सुरुवातीच्या मुलांचा आकडा पाहा. कमी, मध्यम आणि जास्त गुणांनी आलेल्या मुलांचे आकडे वेगळे दिलेले असतात. गट लहान असल्याने पट्टी रुंद असेल हे विसरू नका.

थेम्सकाठ

काल रात्री दोन्ही कामे केली. दुसऱ्या शाळेचा आकडा तीन वर्षांत +०.३५, +०.२२ आणि +०.४१ असा आहे. पहिलीचा +०.२०, +०.२६ आणि +०.१२. म्हणजे २०२३मध्ये पहिली शाळा पुढे होती. आमची मुलगी सराव चाचण्यांत मध्यम ते जास्त यांच्या सीमेवर असते. जास्त गुणांनी आलेल्या मुलांच्या गटात दोन्ही शाळांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. दुसऱ्या शाळेची आघाडी मुख्यतः कमी गुणांनी आलेल्या मुलांमुळे दिसते.

मास्तरीणबाईंचा प्रश्नही दोन्ही शाळांना ईमेलने विचारला. दुसऱ्या शाळेने दुसऱ्याच दिवशी कळवले की त्या तुकडीत इयर ७ला १५४ मुले होती आणि इयर ११ला १५०. मधे कितीजण गेले आणि नवे किती आले हेही त्यांनी वेगळे लिहिले आहे. पहिल्या शाळेचे उत्तर अजून आलेले नाही.

सुहास_रेडिंग

मग कोणती शाळा वर लिहिणार?

थेम्सकाठ

दुसरी लिहिणार आहोत. आमच्या मुलीसारख्या मुलांसाठी ती पहिलीपेक्षा वरचढ आहे असे हे आकडे म्हणत नाहीत, आणि तिच्या बाबांचे मन अजून पहिलीकडेच आहे. मी त्या वह्यांमुळे आणि वेळेवर आलेल्या उत्तरामुळे ठरवले आहे. पहिल्या शाळेचे उत्तर ३१ तारखेच्या आत आले तर येथे कळवीन.